नफा आहे, पण खात्यात पैसे नाहीत: कॅश फ्लो स्टेटमेंटमधून गळती कशी शोधायची

लक्षण असं असतं. वर्षाचा नफा चांगला आहे, विक्री वाढतेय, हातात ऑर्डरी आहेत, आणि तरीही पगाराच्या आधीच्या आठवड्यात बँकेशी फोनाफोनी सुरू होते. ओव्हरड्राफ्टची मर्यादा वाढवून घेतली जाते. दोन-चार महिने बरे जातात आणि मग पुन्हा तेच. दर वेळी कारण मात्र वेगळं सांगितलं जातं: एका मोठ्या ग्राहकाने पैसे उशिरा दिले, मशीनचा हप्ता आला, करभरणा आला. प्रत्येक कारण खरं असतं, पण एवढ्यावरून अडचण पुन्हा पुन्हा का येते ते कळत नाही.

अशा वेळी बहुतेक जण नफा-तोटा पत्रक घेऊन बसतात आणि खर्च कुठे कमी करता येईल ते बघतात. या दुखण्यात त्याचा फारसा उपयोग नाही, कारण नफा-तोटा पत्रकात सगळं ठीकच आहे. माल पाठवला, बिल फाडलं, की विक्री नोंदली जाते. पैसे आले की नाही याच्याशी त्या पत्रकाला देणंघेणं नाही. उलट कच्चा माल विकत घेऊन गोदामात ठेवला तर तो विकला जाईपर्यंत खर्च म्हणून दिसतच नाही, पण त्याचे पैसे कधीच गेलेले असतात. कर्जाच्या हप्त्यातलं व्याज तिथे दिसतं, मुद्दल दिसत नाही. नफा आणि रोकड यांच्यातलं हे अंतर ज्या एका कागदावर ओळीओळीने मांडलेलं असतं, तो म्हणजे कॅश फ्लो स्टेटमेंट. बऱ्याच कंपन्यांत तो फक्त ऑडिटसाठी तयार होतो आणि फायलीत जातो. तो बाहेर काढा.

आधी एवढंच बघा: गळती कोणत्या भागात आहे

या विवरणाचे तीन भाग असतात: व्यवसायातून आलेली किंवा गेलेली रोकड, गुंतवणुकीत गेलेली (मशीन, इमारत वगैरे), आणि अर्थपुरवठ्याची (कर्ज घेणं-फेडणं, भांडवल, लाभांश). तिन्हींची बेरीज म्हणजे वर्षभरात शिल्लक किती वाढली किंवा घटली.

पहिल्या भागाची बेरीज नफ्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त असेल आणि तरीही शिल्लक आटत असेल, तर धंदा रोकड कमावतोय. ती मशीनवर, मुद्दलावर किंवा लाभांशावर खर्च होतेय. तो प्रश्न वेगळा आहे आणि तुलनेने सोपा, कारण ते निर्णय कोणीतरी सही करून घेतलेले असतात. पाच वर्षं चालणाऱ्या मशीनसाठी दोन वर्षांचं कर्ज घेतलं असेल, तर मुदत वाढवून घ्या आणि विषय संपवा.

नफा आहे आणि पहिल्याच भागात वजा आकडा आहे, हे मात्र खरं दुखणं. इथे कोणी सही केलेली नसते. पैसे रोज थोडे थोडे, कुणाच्या लक्षात न येता अडकत गेलेले असतात. पुढचं सगळं त्याबद्दल आहे.

एक कंपनी घेऊन बघू

समजा, यंत्रांचे सुटे भाग बनवून ते उधारीवर विकणारी एक कंपनी आहे. आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत आणि सगळे लाखांत आहेत. मागच्या वर्षी विक्री १००० होती, यंदा १५०० झाली. विकलेल्या मालाची किंमत विक्रीच्या ७० टक्के, म्हणजे यंदा १०५०. पगार, भाडं, वीज आणि इतर खर्च २७०, घसारा ४०, व्याज २०, कर ३०. निव्वळ नफा उरतो ९०. विक्री एका वर्षात दीडपट आणि नफा सहा टक्के. कोणीही पाठ थोपटेल.

आता हाच नफा रोकडीपर्यंत आणू.

| तपशील | रक्कम |
|---|---|
| निव्वळ नफा | ९० |
| घसारा (मिळवा) | +४० |
| येणी वाढली: १६५ वरून ३३० | −१६५ |
| साठा वाढला: ११५ वरून २०० | −८५ |
| पुरवठादारांची देणी वाढली: ८५ वरून १३० | +४५ |
| व्यवसायातून रोकड | −७५ |
| नवं मशीन | −१०० |
| नवं कर्ज | +१२० |
| जुन्या कर्जाचं मुद्दल | −५० |
| लाभांश | −१५ |
| वर्षातला एकूण बदल | −१२० |
| सुरुवातीची शिल्लक | १३५ |
| वर्षअखेरची शिल्लक | १५ |

पगार, भाडं वगैरेचा महिन्याचा खर्च साडेबावीस आहे आणि खात्यात १५. म्हणजे ९० लाख नफा कमावणाऱ्या कंपनीकडे महिनाभराच्या खर्चापुरतेही पैसे नाहीत. तेही १२० चं नवं कर्ज काढल्यानंतर.

घसारा मिळवायचा, कारण नफा काढताना तो वजा केला होता पण त्यासाठी या वर्षी कोणाला पैसे दिले नाहीत. नवख्या लोकांना यावरून वाटतं की घसाऱ्यातून पैसे येतात. तसं काही नाही, आधी केलेली वजाबाकी फक्त उलटवली जाते.

येण्यांची ओळ सगळ्यात जास्त बोलते. १५०० ची बिलं फाडली, पण ग्राहकांकडे अडकलेली रक्कम १६५ ने वाढली, म्हणजे हातात प्रत्यक्ष १३३५ च आले. नफ्याच्या हिशेबात मात्र पूर्ण १५०० धरलेले आहेत. साठ्याचंही तसंच: १०५० चा माल विकला, पण ११३५ चा बनवला किंवा घेतला. पुरवठादारांची देणी वाढली ती मात्र आपल्या बाजूने, कारण तेवढं पुरवठादारांनी आपल्याला उधार दिलं.

विवरण वाचताना बहुतेक जण इथेच थांबतात. येण्यांचे १६५ आणि साठ्याचे ८५ यांतून देण्यांचे ४५ वजा करून ‘खेळत्या भांडवलात २०५ अडकले’ असं म्हणून बँकेकडे जातात आणि बँकही बहुधा ऐकते. पण या २०५ मध्ये दोन वेगळी दुखणी मिसळलेली आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. ती वेगळी न केल्यामुळेच अडचण परत येते.

वाढीमुळे किती अडकले, ढिलाईमुळे किती

विक्री वाढली की येणी आणि साठा वाढणारच. त्यात कोणाचा दोष नाही. पण ते किती वाढायला हवे होते हे मोजता येतं. त्यासाठी रकमा दिवसांत बदलायच्या.

```
येणी दिवस = येणी ÷ विक्री × ३६५
साठा दिवस = साठा ÷ विकलेल्या मालाची किंमत × ३६५
देणी दिवस = देणी ÷ विकलेल्या मालाची किंमत × ३६५
```

मागच्या वर्षी येणी ६० दिवसांची होती, साठा ६० दिवसांचा आणि देणी साधारण ४५ दिवसांची. यंदा येणी ८० दिवसांवर गेली, साठा ७० वर, देणी ४५ वरच राहिली. मागच्या वर्षी मालासाठी दिलेला पैसा ग्राहकाकडून परत यायला ६० अधिक ६० वजा ४५, म्हणजे ७५ दिवस लागत होते. आता १०५ लागतात.

मग प्रश्न असा विचारायचा: विक्री १५०० झाली असती आणि दिवस मागच्या वर्षीचेच राहिले असते तर? येणी २४७ झाली असती, प्रत्यक्षात ३३० आहे. म्हणजे १६५ च्या वाढीपैकी ८२ वाढत्या धंद्याची आणि ८३ वसुली ढिली पडल्याची. साठा १७३ पुरला असता, आहे २००; म्हणजे ५८ वाढीचे, २७ ढिलाईचे. देण्यांतली ४५ ची वाढ पूर्णपणे धंद्यासोबत आलेली. एकूण २०५ पैकी ९५ वाढीमुळे अडकले आणि ११० ढिलाईमुळे.

आता चित्र बदलतं. शिस्त मागच्या वर्षीइतकीच राहिली असती, तर व्यवसायातून उणे ७५ ऐवजी अधिक ३५ आले असते आणि वर्षअखेर खात्यात १५ ऐवजी १२५ असते. विक्री, नफा, मशीन, कर्ज, सगळं तेच ठेवून. म्हणजे या कंपनीला ‘झपाट्याच्या वाढीने’ बुडवलेलं नाही, निदान एकट्या वाढीने नाही. संचालकांच्या बैठकीत मात्र वाढीचंच नाव घेतलं जातं, कारण ते ऐकायला बरं वाटतं.

हे गणित करताना एक चूक सहज होते. वर्षभरात विक्री चढत गेली असेल, तर वर्षअखेरची येणी ही शेवटच्या काही महिन्यांच्या मोठ्या विक्रीची असते, आणि आपण तिला पूर्ण वर्षाच्या सरासरीने भागतो. दिवस फुगून दिसतात. आपल्या कंपनीची शेवटच्या तीन महिन्यांची विक्री ४२० असेल, तर येणी दिवस ३३० भागिले ४२० गुणिले ९१, म्हणजे साधारण ७२ येतील, ८० नाही. त्या वेगाच्या विक्रीला ६० दिवसांची येणी २७७ होते, म्हणून येण्यांतली ढिलाई ८३ नसून ५३ च्या आसपास. मागच्या वर्षी विक्री सपाट होती असं धरलं तर तेव्हाचे ६० दिवस तसेच राहतात. दुखणं तेच, पण वसुली विभागावर ओरडण्याआधी आकडा बरोबर असलेला बरा. वाढत्या कंपनीत दिवस नेहमी शेवटच्या तिमाहीवरून काढा.

‘अजून विक्री करा’ हे औषध का उलटतं

ढिलाई पूर्ण काढून टाकली असं समजू, दिवस ६०, ६० आणि ४५. आता या कंपनीने १०० ची जास्त विक्री केली तर काय होतं? ग्राहकांकडे साधारण १६ अडकतात. माल विक्रीच्या ७० टक्के, म्हणून साठ्यात साडेअकरा. पुरवठादार साडेआठ उधार देतात. निव्वळ अडकतात १९. आणि त्या १०० वर नफा किती? सहा.

म्हणजे प्रत्येक १०० ची नवी विक्री वर्षाला ६ आणते आणि आधी १९ मागते. हे १९ कायमचे जात नाहीत. विक्री त्याच पातळीवर स्थिर राहिली तर ते एकदाच लागतात आणि पुढच्या वर्षापासून नफा रोकडीत दिसू लागतो. पण दर वर्षी नवी वाढ असेल तर दर वर्षी नवे १९ लागतात. खात्यात पैसे नाहीत म्हणून विक्री वाढवायची, विक्री वाढवायला उधारी सैल करायची, आणि त्यामुळे पैसे आणखी अडकवून घ्यायचे, हे चक्र इथूनच सुरू होतं. ओव्हरड्राफ्ट वाढवल्यावर दोन-चार महिनेच का बरे जातात, त्याचं उत्तरही हेच. वाढीव मर्यादा पुढच्या वाढीत मुरते.

हेच उलट्या बाजूनेही खरं आहे आणि त्याने लोक फसतात. विक्री घसरली की जुनी येणी वसूल होते, नवी कमी तयार होते, साठा उतरतो, आणि काही महिने खात्यात भरपूर पैसे दिसतात. नफा घटतोय आणि रोकड वाढतेय, असं चित्र दिसलं तर निर्धास्त होऊ नका. धंदा आकुंचन पावताना अडकलेला पैसा एकदाच परत येतो.

उपाय: आधी ढिलाई, मग वाढ

ढिलाईचे ११० (किंवा दुरुस्त गणिताने ८०) बँकेकडून मागायचे नाहीत. ते आपलेच आहेत, फक्त दुसऱ्याकडे आहेत. येण्यांची वयवार यादी काढा: मुदतीतली, ३० दिवस उलटलेली, ६० दिवस उलटलेली, त्यापुढची. सरासरी ८० दिवस म्हणजे सगळे ग्राहक ८० दिवसांनी पैसे देतात असं क्वचितच असतं. बहुधा बरेच जण वेळेवर देतात आणि मोजके ग्राहक, त्यांतही बऱ्याचदा सगळ्यात मोठे, सगळी सरासरी ओढतात.

मग त्या मोजक्या बिलांची एकेक फाइल उघडा. ‘ग्राहक पैसे देत नाही’ हे कारण मी पहिल्या फेरीत मान्य करत नाही. माल महिन्याच्या तीन तारखेला गेला आणि बिल तीस तारखेला निघालं, असं सर्रास सापडतं; ग्राहकाची मुदत बिलापासून मोजली जाते, आपले पैसे मात्र तीन तारखेपासून अडकलेले. कुठे बिलावर खरेदी आदेशाचा क्रमांक नाही, म्हणून ग्राहकाच्या संगणकात ते नोंदलंच गेलं नाही. कुठे दोन नग खराब निघाले आणि त्या भांडणात पूर्ण बिल थांबलं. तेवढ्या दोन नगांची क्रेडिट नोट दिली असती तर बाकीचं त्याच आठवड्यात सुटलं असतं. आणि विक्री विभागाचं इन्सेंटिव्ह बिलावर मिळतं की वसुलीवर, हे नक्की विचारा. बिलावर मिळत असेल तर ६० दिवसांची मुदत विक्री प्रतिनिधी तोंडी ९० करून आलेला असण्याची दाट शक्यता आहे.

साठ्याचं काम त्यामानाने कंटाळवाणं पण सोपं. सहा महिन्यांत न हललेल्या मालाची यादी काढा, त्याची खरेदी थांबवा, जे विकतं ते कमी भावात विका. सवलतीने विकल्यावर नफा-तोटा पत्रकात तोटा दिसेल. दिसू द्या; गोदामात पडून राहिला म्हणून तो टळला नव्हता.

एवढं झाल्यावरही वाढीचे ९५ उरतातच, आणि इथे शिस्त वाढवून फार काही होत नाही. त्यांना पैसा आणावाच लागतो. विक्री त्या पातळीवर आहे तोवर हे ९५ परत मिळत नाहीत, म्हणून त्यांचा पैसाही लांब मुदतीचा हवा: नफा धंद्यातच ठेवणं, भागीदारांचं भांडवल, किंवा मुदतीचं कर्ज. आपल्या कंपनीने व्यवसायातून एक पैसाही न येता १५ लाभांश दिला, तो नफ्याकडे बघून दिलेला आहे. चालू खात्याच्या ओव्हरड्राफ्टमधून मशीन घेणं ही याच जातीची घोडचूक. हंगामी चढउतारासाठी असलेली मर्यादा मशीनमध्ये कायमची गुंतते आणि खरा चढउतार आला की हात मोकळे नसतात.

दुसरा मार्ग म्हणजे त्या १९ चा आकडाच खाली आणणं. ऑर्डरीबरोबर १० टक्के आगाऊ घ्यायचे आणि ते माल पोचेपर्यंत सरासरी ६० दिवस आपल्याकडे राहणार असतील, तर दर १०० च्या विक्रीमागे दीडेक कमी अडकतात. थोडेच वाटतात, पण ५०० च्या वाढीवर ते आठ होतात, आणि त्यावर व्याज नाही.

पहिल्या वर्षी हे सगळं करूनही वाढ परवडत नसेल, तर काही ऑर्डरी नाकाराव्या लागतात. ज्यांत नफा कमी आणि मुदत लांब, त्या आधी.

पहिला भाग अधिक दिसतो म्हणून विश्वास ठेवू नका

व्यवसायातल्या रोकडीचा आकडा वर्षअखेरीस सजवता येतो, आणि तो सजवला असेल तर वरचं सगळं निदान चुकतं. आपल्याच कंपनीत बघा. पुरवठादारांचे पैसे ४५ ऐवजी ७५ दिवसांनी दिले तर देणी आणखी ८६ ने वाढतात, आणि उणे ७५ चे अधिक ११ होतात. धंद्यात काहीही सुधारलेलं नाही. पुरवठादारांकडून न विचारता कर्ज घेतलंय. पुढच्या वर्षी दिवस तेवढेच राहिले तर हा फायदा परत मिळत नाही, आणि पुरवठादाराने रोखीची अट घातली तर तो एका झटक्यात उलटतो. म्हणून देणी दिवस वाढलेले दिसले की ती वाढ आकड्यातून वजा करून बघा.

दुसरी युक्ती बँकेच्या मदतीने होते. पुरवठादाराला बँक वेळेवर पैसे देते आणि कंपनी बँकेला बऱ्याच उशिरा देते. वागणूक कर्जासारखी, पण ताळेबंदात पुष्कळदा ते साध्या देण्यांत बसवलं जायचं. ब्रिटनमधली कॅरिलियन ही बांधकाम कंपनी जानेवारी २०१८ मध्ये कोसळली तेव्हा या व्यवस्थेवर बरीच टीका झाली. मे २०२३ मध्ये कॅश फ्लोच्या आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणजे आयएएस ७ मध्ये, दुरुस्ती झाली आणि २०२४ पासून सुरू होणाऱ्या वर्षांत अशा व्यवस्थांची रक्कम आणि मुदत टिपांमध्ये सांगणं बंधनकारक झालं. त्या टिपा वाचा. येणी वर्षअखेरीस वित्तसंस्थेला विकली असेल तर तेही तिथेच सापडतं. ग्राहकाने न दिल्यास पैसे आपल्यालाच परत द्यायचे असतील, तर ती विक्री नाही, कर्ज आहे.

दोन कंपन्यांची तुलना करत असाल तर व्याज कुठे दाखवलंय तेही बघा. आयएएस ७ मध्ये भरलेलं व्याज व्यवसायाच्या किंवा अर्थपुरवठ्याच्या भागात दाखवायची मुभा होती. २०२७ पासून लागू होणाऱ्या आयएफआरएस १८ सोबत बहुतेक कंपन्यांसाठी ती जाते आणि व्याज अर्थपुरवठ्यात जातं. तोवर तुलना करण्याआधी दोघांचं व्याज एकाच भागात आणून घ्या.

जुनं विवरण का फसलं

अमेरिकेतली डब्ल्यू. टी. ग्रँट ही हजाराहून जास्त दुकानांची साखळी ऑक्टोबर १९७५ मध्ये दिवाळखोरीत गेली. दोन वर्षांपूर्वी तिचा शेअर कमाईच्या जवळपास वीसपट भावाने विकला जात होता आणि नफा वर्षानुवर्षं दिसत होता. कंपनी ग्राहकांना स्वतःच उधार देत होती, दुकानं वाढवत होती, येणी आणि साठा फुगत होता. व्यवसायातून येणारी रोकड मात्र शेवटच्या दहा वर्षांतली बहुतेक वर्षं उणे होती.

तज्ज्ञांनाही ते दिसलं नाही, याला त्या काळच्या विवरणाची रचनाही कारण होती. तेव्हा ‘निधी’ म्हणजे खेळतं भांडवल असं धरून विवरण बनायचं. खेळत्या भांडवलात येणी आणि साठा दोन्ही येतात, त्यामुळे पैसे ग्राहकाकडे आणि गोदामात अडकले तरी निधी वाढलेलाच दिसायचा. अमेरिकेत १९८७ च्या मानकाने आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर १९९२ च्या आयएएस ७ ने निधीच्या जागी रोकड आणली. आजही काही बँकांच्या अर्जात ‘नफा अधिक घसारा’ एवढ्यालाच रोकड म्हणतात. त्या हिशेबाने आपल्या कंपनीला १३० मिळाले असं येतं. प्रत्यक्षात उणे ७५.

वर्षातून एकदा बघून भागत नाही

कॅश फ्लो स्टेटमेंट वर्षाच्या दोन टोकांमधला फरक सांगतं, मधला खड्डा नाही. ३१ तारखेला १५ शिल्लक दाखवणारी कंपनी महिन्याच्या दहा तारखेला उणे ४० ला गेलेली असू शकते, कारण पगार आणि कर महिन्याच्या सुरुवातीला जातात आणि ग्राहक शेवटच्या आठवड्यात देतात. शिवाय वर्षअखेरीला सगळेच वसुलीसाठी धावतात, त्यामुळे त्या दिवसाचा आकडा वर्षातला सगळ्यात चांगला असण्याची शक्यता जास्त.

म्हणून निदान विवरणातून करायचं आणि नियंत्रण पुढच्या तेरा आठवड्यांच्या रोकड अंदाजातून. तेरा आठवडे म्हणजे एक तिमाही. यात पगाराच्या तारखा, कराच्या तारखा आणि कर्जाचा हप्ता, सगळं किमान एकदा येतं. प्रत्येक आठवड्यासमोर येणारी बिलं ग्राहकाच्या नावाने लिहायची, आणि ती कबूल केलेल्या तारखेला नाही तर त्या ग्राहकाने मागच्या तीन बिलांना जितके दिवस घेतले तितक्या दिवसांनी धरायची. सोमवारी मागच्या आठवड्याचा अंदाज आणि प्रत्यक्ष शेजारी मांडायचे. फरक कोणत्या ग्राहकाच्या ओळीत पडला तेवढं बघितलं की त्या दिवशी फोन कोणाला करायचा ते ठरतं.

येणी दिवस सलग तीन महिने चढत असतील, पैसे मागितल्यावर ग्राहक ‘माल परत घेऊन जा’ म्हणत असतील, आणि शेवटच्या महिन्यातली बिलं नेहमीपेक्षा मोठी असतील, तर वसुलीचा विषय बाजूला ठेवा. आधी ती विक्री खरंच झाली होती का ते तपासा: पोच पावत्या मागवा आणि पुढच्या महिन्यातल्या क्रेडिट नोटा मोजा.